जमिनीवरची गादी आणि रात्री उठणारं मूल

चालायला लागलेल्या मुलाचं अंथरूण जमिनीवर घातलं की पडण्याची भीती जवळजवळ संपते. पण कठडाही जातो. पाळण्यातलं मूल जागं असलं तरी जागेवर असतं; गादीवरचं मूल चार पावलांत दाराशी पोचतं. म्हणून मूल एकटं, अंधारात, अर्धवट झोपेत खोलीभर फिरणार असं धरूनच मांडणी करावी लागते.

खोली तपासायची ती मोठ्या माणसाने जमिनीवर बसून. खालच्या प्लगला लावलेलं डासांचं मशीन, टेबल फॅनची वायर, खिडकीच्या पडद्याची लोंबती दोरी, हे सगळं तिथूनच नजरेत येतं. सर्वांत मोठा धोका मात्र खणांच्या कपाटाचा. मूल खण ओढून त्यांच्या पायऱ्या करतं आणि कपाट अंगावर येतं. भरलेलं, जड कपाटही असंच कलंडतं. ते लोखंडी पट्टीने आणि स्क्रूने भिंतीला पक्कं बसवायचं. बाल्कनी आणि बाथरूमला वरची कडी हवी, कारण भरलेल्या बादलीत लहान मूल डोक्यावर पडून बुडू शकतं.

गादी टणक आणि पातळ असावी. गादी आणि भिंत यांच्यातल्या अरुंद फटीत मूल अडकतं, त्यामुळे गादी भिंतीपासून चांगली लांब ठेवलेली बरी. फरशीवर कायम पडून राहिलेल्या गादीला खालून ओल धरते, विशेषतः पावसाळ्यात. ती रोज सकाळी उभी करावी. आपल्याकडे अंथरूण रोज गुंडाळायची पद्धत होती, त्यात हे आपोआप साधत असे.

आता रात्र. दोन वर्षांचं मूल दिवा मालवल्यावर उठून बाहेर येतं. पहिल्या रात्री दहा-पंधरा वेळा आलं तरी नवल नाही. अशा वेळी दिवा न लावता हात धरून परत न्यायचं, ‘झोपायची वेळ झाली’ एवढंच दर वेळी म्हणायचं आणि बाहेर यायचं. रागावणं काय आणि लाड काय, मुलाच्या लेखी दोन्ही गंमतच. चौदाव्या खेपेला कंटाळून त्याला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं, तर चौदा वेळा उठलं की जमतं हे ते शिकतं. मूल दाराशी फरशीवरच झोपलं तर बिघडत नाही. गाढ झोपल्यावर उचलून गादीवर ठेवावं.

दाराला बाहेरून कडी लावू नये. आग लागली तर ती जिवावर बेतते. दारात कमरेएवढी जाळीची फाटकी बसवली की हाक ऐकू येते आणि भटकणंही खोलीपुरतं राहतं. दोन-तीन आठवड्यांनीही रात्री निवळल्या नाहीत, तर मूल अजून तयार नाही असं समजून पाळण्यात परतायला हरकत नाही, मात्र ते कठडा ओलांडत नसेल तरच. आणि रोज घोरत, तोंडाने श्वास घेत ते पुन्हापुन्हा जागं होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.