स्वगत निम्मे करताना वळण कसे राखावे
संहितेपासून रंगमंचापर्यंत : लेखांक सहावा

नाटकातले लांब स्वगत स्पर्धेसाठी किंवा निवड चाचणीसाठी निम्मे करायचे, तर कापण्याआधी त्यातले भावनिक वळण शोधावे लागते. पात्र ज्या मनःस्थितीत बोलू लागले त्या मनःस्थितीत ते ज्या वाक्यानंतर परत जाऊ शकत नाही, ते वाक्य म्हणजे वळण. पुष्कळदा ते सर्वांत प्रसिद्ध वाक्य नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासारख्या ठिकाणी एकपात्री अभिनयाला मोजकी मिनिटे मिळतात. अशा स्पर्धांसाठी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधले अप्पासाहेब बेलवलकरांचे जगणे-मरणे तोलणारे स्वगत वारंवार निवडले जाते. त्याची बांधणी नीट पाहिली की काटछाटीची रीत उलगडते.

या स्वगताचे चार टप्पे पडतात. पहिल्यात लाचारीने जगत राहणे आणि एका घावात सारे संपवणे असे दोन पर्याय समोर येतात. दुसऱ्यात मरण झोपेसारखे वाटते, पण त्या झोपेतही स्वप्न पडले तर काय, ही भीती उभी राहते. तिसऱ्यात या भीतीपोटी माणूस कोणकोणते अपमान सोसतो त्यांची मालिका येते आणि घाव घालणाऱ्याच्याच दारी दया मागण्यापाशी ती थांबते. चौथ्यात अप्पा थेट विधात्याला जाब विचारतात : पोटची मुले विसरली आणि जन्म देणाराही विसरला, तर म्हाताऱ्यांनी जायचे कोणाकडे?

वळण तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या सांध्यावर आहे. ते भाषेतही दिसते. सुरुवातीच्या प्रश्नाला कर्ताच नाही. तो कुणाही माणसाचा प्रश्न असू शकतो. सोसण्याच्या मालिकेत ‘आम्ही’ येतो. शेवटी समोर ‘तू’ उभा राहतो. विचार करणारा माणूस आधी दुखावलेला आणि मग जाब विचारणारा होतो. काटछाटीनंतर या तिन्ही पायऱ्या शिल्लक राहायला हव्यात.

आता प्रत्यक्ष काम. संहिता हाताने उतरवून काढावी आणि चारही टप्प्यांच्या समासात रेघा माराव्यात. समजा, उतारा चाळीस ओळींचा झाला आणि विधात्याला उद्देशून असलेला भाग दहा ओळींचा आहे. त्या दहा ओळींना हात लावायचा नाही. म्हणजे वीस ओळी कमी करायच्या त्या उरलेल्या तीसांतून. वळणाआधीच्या मजकुराचा दोन तृतीयांश भाग जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याचे काम ओळखून कापावे लागते.

पहिल्या टप्प्यात एकाच अर्थाच्या प्रतिमा एकापाठोपाठ येतात. जगण्याची एक आणि मरणाची एक ठेवून बाकीच्या काढाव्यात. दोन्ही बाजू मात्र राहिल्याच पाहिजेत, नाही तर द्विधा उरत नाही. दुसऱ्या टप्प्यातले झोपेचे वर्णन आखडता येते. स्वप्नाच्या भीतीचे वाक्य काढता येत नाही, कारण अप्पा मरण का स्वीकारत नाहीत याचे उत्तर तेच आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या मालिकेची मधली पदे जाऊ शकतात. शेवटचे, मारेकऱ्याच्या दारी उभे राहण्याचे पद राखावे. त्या अपमानातूनच पुढचा जाब निघतो.

सर्रास होणारी चूक याच्या उलट असते. प्रसिद्ध आरंभ ठेवायचा, शेवटचा आक्रोश ठेवायचा आणि मधले गाळायचे. मग तत्त्वचिंतन करणारा माणूस अचानक देवावर ओरडू लागतो. मधली पायरी नसल्याने नट ती आवाजाने भरून काढतो. तालमीत वळणाच्या जागी दर वेळी आवाज चढवावा लागत असेल, तर दोष अभिनयाआधी काटछाटीत शोधावा.

दुसरी अडचण वेळेची. शब्द निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही, कारण ‘आम्ही’कडून ‘तू’कडे जाताना घ्यावा लागणारा थांबा तेवढाच राहतो. पाठ केलेला उतारा थांब्यांसह, उभे राहून म्हणावा आणि घड्याळ लावून पाहावा. वेळ जास्त भरला तर पहिल्या टप्प्यातले आणखी एखादे वाक्य काढावे. थांबा कमी करू नये.

ज्याने हे नाटक पाहिलेले नाही अशा माणसाला नवी रंगावृत्ती ऐकवून दोन प्रश्न विचारावेत : हा माणूस मरत का नाही, आणि शेवटी तो कोणावर रागावला आहे? पहिल्याचे उत्तर आले नाही, तर दुसऱ्या टप्प्यातले वाक्य परत घ्यावे. दुसऱ्याचे आले नाही, तर तिसऱ्यातले.

या कामाला एक मर्यादा आहे. वाक्ये गाळता येतात. त्यांचा क्रम बदलणे किंवा सांधा जुळवण्यासाठी पदरचे शब्द घालणे म्हणजे लेखकाचा मजकूर बदलणे. दोन तुकडे जुळत नसतील, तर गाळलेले मूळ वाक्यच परत आणावे. शिरवाडकरांचे निधन १९९९ साली झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावर अजून स्वामित्वहक्क आहे. तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगासाठी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते.