साठ टनांचा दोर नव्हे, एका झडपेचा खेळ: विमानवाहू जहाजावर विमान उडतं आणि थांबतं कसं?

सातवी-आठवीच्या वर्गात गती, बल आणि ऊर्जा शिकवताना विमानवाहू जहाजाचं उदाहरण फार उपयोगी पडतं. मुलांनी व्हिडिओ पाहिलेले असतात, पण ‘विमान तारेला अडकतं आणि थांबतं’ एवढ्यावरच त्यांची समज थांबते. आपण अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाच्या जहाजाचं उदाहरण घेऊ.

आधी साधं गणित. विमान डेकवर टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६७ मीटर असतो. थांबायला जागा मिळते सुमारे १०० मीटर. वेग एकसारखा कमी होत गेला असं धरलं, तर सरासरी वेग ३३ मीटर, म्हणून थांबायला लागतात फक्त ३ सेकंद. फळ्यावर हे मुलांकडूनच काढून घ्या.

आता ही तार. ती पोलादी असते, रबरासारखी ताणली जात नाही. विमानाच्या शेपटीखालचा हुक तिला अडकला, की तार ओढली जाते. तिची टोकं कप्प्यांवरून डेकखालच्या यंत्राकडे गेलेली असतात. तिथे एका मोठ्या नळकांड्यात द्रव भरलेला असतो. तार ओढली गेली की दट्ट्या त्या द्रवाला एका झडपेच्या अरुंद फटीतून ढकलतो. विमानाची गतिज ऊर्जा इथे खर्च होते आणि द्रव तापतो. मुलांना समजावायला सुई नसलेली सिरिंज घ्या. पाणी भरून दट्ट्या दाबा, मग तोंडावर बोट ठेवून भोक थोडं बंद करा आणि पुन्हा दाबा. जोर किती वाढवावा लागतो ते हातालाच कळतं.

खरी गोम इथेच आहे. प्रत्येक विमानासाठी ही झडप त्याच्या वजनाप्रमाणे आधी लावावी लागते. जड विमानाला फट अरुंद, हलक्याला रुंद. मग दोन्ही विमानं जवळपास तेवढ्याच अंतरात थांबतात. वजन कमी धरलं तर विमान पुरेसं अडत नाही आणि जास्त धरलं तर झटक्याने विमानच मोडू शकतं.

उड्डाणातही तोच हिशोब. डेकखाली वाफेने धावणारे दट्टे असतात आणि डेकमधल्या फटीतून वर आलेल्या खुंटीला विमानाचं पुढचं चाक जोडतात. दोन-अडीच सेकंदांत विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातं. वाफेचा दाब वजनावर ठरतो. म्हणून हिरव्या शर्टातला कर्मचारी वजनाचा आकडा लिहिलेली पाटी वैमानिकाला दाखवतो. वैमानिक ‘बरोबर’ अशी खूण करतो, तेव्हाच पुढचं काम होतं. आवाज इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामांप्रमाणे शर्टांचे रंग ठरलेले: कॅटपल्ट आणि तारांवाले हिरवे, इंधनवाले जांभळे, विमानांना दिशा दाखवणारे पिवळे.

आणखी एक गोष्ट मुलांना चकित करते. डेकवर टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण जोरात नेतो! हुक तारेला लागलाच नाही तर पुन्हा उडता यावं म्हणून. त्यासाठीच उतरण्याची धावपट्टी जहाजाच्या रेषेला तिरकी असते आणि समोर मोकळा समुद्र असतो.

आता १८ मार्च २०१६ ची घटना. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘आयझेनहॉवर’ या जहाजावर ई-२सी हॉकआय हे पंखे असलेलं विमान उतरलं. हुक चौथ्या तारेला लागला, वेग कमी होत गेला आणि तार तुटली. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, दिसेनासं झालं आणि पाण्याला न टेकता पुन्हा वर आलं. वैमानिकांनी ते नॉरफोकला सुखरूप उतरवलं. पण तुटलेली तार डेकवर चाबकासारखी फिरली आणि आठ खलाशी जखमी झाले.

तार जुनी होती का? नाही. चौकशीत निघालं ते असं: आधीच्या एका लँडिंगच्या वेळी यंत्रात बिघाडाची सूचना आली होती. तो दुरुस्त करताना झडपेच्या जुळणीतली पायरी चुकली. त्यामुळे यंत्राने विमानाला नीट अडवलं नाही आणि सगळा ताण तारेवर आला. चौकशीने हेही म्हटलं, की दुरुस्तीची लेखी पद्धत बरोबर होती, पण ही पायरी का करायची आणि चुकली तर काय होईल, हे तिच्यात सांगितलेलं नव्हतं. आपण शिक्षकांनी आणि पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ‘हे असंच करायचं’ एवढं सांगितलेली पायरी गाळली जाते, कारण ती गाळल्याने काय बिघडेल हे करणाऱ्याला माहीत नसतं.

आपल्याकडचं काय? नवी ‘विक्रांत’ कॅटपल्ट वापरत नाही. तिच्या पुढच्या टोकाला उतार वर वळवलेला आहे, विमान स्वतःच्या इंजिनावर धावून त्यावरून उडतं. उतरायला मात्र ताराच आहेत. गोव्यात जमिनीवरच असा डेक बांधलेला आहे आणि २०१९ मध्ये नौदलासाठीचं तेजस तिथेच पहिल्यांदा तारेला अडकून थांबलं.

वर्गात शेवटी हा प्रश्न द्या: विमान १० टनांचं आहे आणि झडप २० टनांसाठी लावली, तर काय होईल? उत्तर नको, कारण लिहायला सांगा.