दोन दिव्यांची साक्ष

तीन फेजच्या पुरवठ्यात लाल, पिवळी आणि निळी फेज एकामागून एक शिखर गाठतात. हा क्रम उलटला की मोटर उलटी फिरते. डीपी दुरुस्त करताना दोन तारांची अदलाबदल झाली, तर बोअरमधला सबमर्सिबल पंप चालू तर होतो, पण पाणी कमी येते. मोटर दिसत नसल्याने कारण लवकर कळत नाही. अशा वेळी एक कपॅसिटर आणि दोन सारखे फिलामेंटचे दिवे क्रम सांगू शकतात.

तिघांची एकेक टोके एकत्र जोडायची आणि मोकळी टोके तीन फेजना लावायची. एकत्र जोडलेला बिंदू न्यूट्रलला जोडायचा नाही. जोडला तर दोन्ही दिवे सारखेच लागतील आणि काहीच कळणार नाही. कपॅसिटर असलेली फेज पहिली धरली, तर जास्त उजळ दिवा दुसऱ्या फेजवर असतो आणि मंद दिवा तिसऱ्या.

असे का होते? 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. पहिल्या फेजनंतर साधारण 6.7 मिलिसेकंदांनी दुसरी शिखरावर येते आणि 13.3 नी तिसरी. पहिल्या फेजमधून आलेला प्रवाह उरलेल्या दोन फेजमधूनच परततो. तिथेही दिवाच असता, तर परतीचे शिखर 10 मिलिसेकंदांवर, म्हणजे दुसरी आणि तिसरी यांच्या बरोबर मधोमध पडले असते आणि दोघींना सारखा वाटा मिळाला असता. कपॅसिटरमधला प्रवाह मात्र व्होल्टेजच्या पुढे धावतो. त्यामुळे परतीचे शिखर सुमारे 6.5 मिलिसेकंदांवर येते. ती दुसऱ्या फेजचीच वेळ, म्हणून तिथला दिवा झगझगतो.

कपॅसिटरचा विरोध दिव्याच्या रोधाइतका असेल, तर 400 व्होल्टच्या लाइनवर उजळ बाजूला सुमारे 344 आणि मंद बाजूला 92 व्होल्ट येतात. 230 व्होल्टचा एकच दिवा त्यात उडेल, म्हणून प्रत्येक बाजूला 60 वॅटचे दोन दिवे सिरीजमध्ये घेतात. त्यांच्यासोबत पंख्याचा 440 व्होल्टचा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालतो. एलईडी दिवे इथे कामाचे नाहीत. त्यांच्यातले सर्किट व्होल्टेज बदलले तरी उजेड बऱ्याच अंशी तोच राखते.

मंद बाजू अगदीच काळी राहिली, तर निकालावर विश्वास ठेवू नये. त्या बाजूची फेज गेली असली, तरी उजळ दिवा लागलेलाच राहतो. दोन्ही दिवे सारखे दिसले, तर कपॅसिटर निकामी आहे किंवा त्याची फेज गेली आहे.

लाल फेज नेमकी कोणत्या तारेत आहे, हे या जोडणीतून कळत नाही. कळतो तो फक्त क्रम. तो उलटा निघाला, तर पुरवठा बंद करून कोणत्याही दोन तारा आपसांत बदलल्या की काम होते. मात्र तोवर कपॅसिटरला हात लावू नये, कारण पुरवठा तोडल्यावरही त्यात चार्ज उरलेला असू शकतो.