एका नोंदीची तीन कामे

सटीप संदर्भसूचीत पुस्तकाच्या नावाखाली सात-आठ ओळींची टीप लिहायची असते. पुस्तकात काय आहे, ते कितपत भरवशाचे आहे आणि माझ्या संशोधनाला त्याचा काय उपयोग, ही तीन कामे त्या टिपेने करायची. बहुतेक नोंदींत ही तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेली असतात. मग सहा महिन्यांनी प्रबंध लिहायला बसले की लेखकाचे म्हणणे कोणते आणि आपले कोणते, ते आपल्यालाच उमगत नाही.

समजा, एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी कामगारांना कसे तगवले? तिच्या सूचीत राजनारायण चंदावरकर यांचे ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटलिझम इन इंडिया’ (१९९४) हे पुस्तक आहे. तिची पहिली नोंद अशी:

‘चंदावरकरांनी या सखोल ग्रंथात जॉबरची सत्ता अमर्याद नव्हती हे सिद्ध केले असून गिरणगावाचे महत्त्वाचे चित्रण केले आहे, मात्र खाणावळवाल्या स्त्रियांकडे त्यांनी दुर्लक्ष केल्याने पुस्तक अपुरे वाटते, तरी माझ्या विषयाला ते उपयुक्त आहे.’

वाचायला ठीक वाटते. पण एकेक तुकडा सुटा करून विचारावे, की यावर सही कोण करील? सारांशातले वाक्य खुद्द लेखकाला दाखवले तर ‘हो, मी असेच म्हटले आहे’ असे त्याने म्हणायला हवे. मूल्यमापनाशी त्याच क्षेत्रातला दुसरा अभ्यासक सहमत होईल किंवा भांडेल, पण त्यासाठी त्याला विद्यार्थिनीचा विषय माहीत असण्याची गरज नाही. उपयोगाचे वाक्य मात्र तिचा प्रश्न बदलला की बदलते.

या कसोटीवर ‘सिद्ध केले’ लगेच अडकते. लेखकाने मांडले ते सारांशात जाईल. ते सिद्ध झाले की नाही हा निवाडा आहे, तो पुढच्या भागात आणि कारणासह. ‘सखोल’ आणि ‘महत्त्वाचे’ तर कशाच्याच आधारावर उभे नाहीत. ते काढून टाकले की मूल्यमापनाच्या जागी काहीच उरत नाही, आणि विद्यार्थिनीला पुन्हा पुस्तकाकडे जावे लागते. मला विचाराल तर ही फेरमांडणी करायची ती मुख्यतः अशा रिकाम्या जागा दिसाव्यात म्हणूनच.

खरी गुंतागुंत ‘दुर्लक्ष केले’ या शब्दांत आहे. ते मूल्यमापनासारखे दिसतात, पण पुस्तकाचा विषय १९०० ते १९४० या काळातले मुंबईचे भांडवलदार आणि कामगारवर्ग असा आहे. खाणावळींचा इतिहास सांगण्याचे वचन लेखकाने दिलेलेच नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, हा पुस्तकाचा दोष ठरत नाही. ती तिसऱ्या भागात लिहायची उणीव आहे. आता, कामगारांच्या वस्तीबद्दल केलेला एखादा दावाच बायकांचे श्रम न मोजल्यामुळे डळमळतो, असे ती दाखवू शकली तर तो दोष होईल आणि मूल्यमापनात जाईल. पण मग कोणता दावा, ते सांगावे लागेल.

दुरुस्त नोंद तीन छोट्या परिच्छेदांत अशी होते:

‘कामगारांची एकजूट केवळ गिरणीच्या आत घडली नाही, वस्ती, उधारी आणि गावाशी असलेले नाते यांनीही ती घडवली, असे लेखक मांडतात. जॉबरचे वजन वस्तीतल्या संबंधांवर अवलंबून होते, म्हणून त्याला मर्यादा होत्या, असे त्यांचे म्हणणे आहे.

युक्तिवादाला सरकारी कागदपत्रे आणि चौकशी समित्यांपुढच्या साक्षी यांचा मोठा आधार आहे. त्यामुळे मजुरी, भरती, संप यांचे तपशील पक्के वाटतात. मात्र अशा कागदांत कामगार बहुधा अधिकाऱ्यांच्या आणि मालकांच्या नजरेतून दिसतो. वस्तीतल्या रोजच्या व्यवहाराबद्दलचे निष्कर्ष त्या मानाने जपून घ्यावेत.

गिरणगावावरचे प्रकरण माझ्या दुसऱ्या प्रकरणाची पार्श्वभूमी म्हणून वापरेन, विशेषतः उधारीचा भाग. खाणावळवाल्या बायकांचा अनुभव येथून मिळणार नाही. त्यासाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या गिरणगावातल्या मौखिक मुलाखती पाहायच्या.’

नोंद लांबली, हे खरे. काही विभागांत दीडशे शब्दांची मर्यादा असते. तिथे कात्री सारांशाला लावावी, कारण पुस्तकाचा गोषवारा इतरत्रही सापडतो, तिसरा परिच्छेद कुठेच सापडत नाही. परिच्छेद पाडायला मनाई असेल तर एकाच परिच्छेदात वाक्यांचा क्रम तोच ठेवावा आणि ‘लेखकांच्या मते’, ‘माझ्या कामासाठी’ अशा सुरुवातींनी सांधे दाखवावेत.

पुढे मार्गदर्शकांनी विषय बदलायला लावला आणि प्रश्न खाणावळींवरून जॉबरच्या भरतीवर गेला, तर पहिल्या दोन परिच्छेदांना हात लावावा लागत नाही. तिसरा खोडून नवा लिहायचा. त्यात हे पुस्तक पार्श्वभूमीतून उठून थेट वादाच्या मध्यभागी येते.