विभागप्रमुखांच्या टेबलावरचं एक पत्र

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेसाठी सुटे भाग हवे असले की विभागप्रमुखांना पत्र जातं. 'साहित्यासाठी अंदाजे दहा हजार मंजूर व्हावेत' एवढंच लिहिलं, तर ते हमखास शेरा मारून परत येतं. दहाच का, हे त्यातून कळत नाही.

समजा, वीस विद्यार्थ्यांची तुकडी आहे आणि दोघांत एक संच द्यायचा आहे. ईएसपी३२ बोर्ड दहा आणि राखीव दोन, प्रत्येकी ४५० रुपयांनी ५,४००. अंतर मोजणारे एचसी-एसआर०४ सेन्सर पंधरा, ८० रुपयांनी १,२००. ब्रेडबोर्ड दहा, ९० रुपयांनी ९००. वायरी आणि रेझिस्टर ५००. बेरीज ८,०००, १८ टक्के जीएसटी धरून ९,४४०. दर कोटेशनमधलेच घ्यावेत आणि कोटेशन सोबत जोडावं.

रेझिस्टरची किरकोळ ओळ मात्र गाळू नये. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि तेवढाच सिग्नल परत देतो. बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवलं नाही, तर ४५० रुपयांचा बोर्ड जायची भीती. राखीव बोर्ड का मागितले, हेही इथेच एका वाक्यात सांगावं.

'विद्यार्थ्यांना सेन्सरची माहिती होईल' हे अध्ययन निष्पत्ती म्हणून फारच मोघम वाटतं, कारण ते तपासता येत नाही. त्याऐवजी लिहावं: 'विद्यार्थी प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढेल, ते मोजपट्टीशी ताडेल आणि फरकाचं कारण सांगेल.' आता सेन्सरच्या ओळीला प्रयोग मिळाला आणि प्रयोगाला गुण देता येतात.