घशात गोळा, पण भाकरी सरळ जाते!

मैत्रिणींनो, घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी निघत नाही, असं तुम्हाला कधी झालंय का? कुणी म्हणतं सुपारीएवढा गोळा आहे, कुणी म्हणतं केस अडकलाय, कुणी म्हणतं घसा आतून कुणी दाबून धरलाय. आणि गंमत म्हणजे जेवायला बसलं की तो गोळा कुठे जातो तेच कळत नाही. ताट उचललं, भांडी घासायला बसलं, की परत हजर.

आमच्या गटातल्या एका ताईंना हा त्रास चार महिने होता. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. कारण त्यांची आत्या घशाच्या कॅन्सरने गेली होती, आणि ताई स्वतः दिवसातून तीनदा मशेरी लावायच्या. ‘मलाही तेच झालंय’ असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या सारखा आवंढा गिळून बघायच्या, गोळा आहे की गेला. शेवटी हप्त्याच्या बैठकीत एकीने विचारलं, “अगं, सारखी खाकरतेस का?” तेव्हा त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांना घेऊन तालुक्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, भाकरी अडकते का?”

“नाही हो. जेवताना तर उलट बरं वाटतं.”

“आणि नुसती थुंकी गिळताना?”

“तेव्हाच जास्त वाटतं.”

या दोन उत्तरांनी डॉक्टरांना बरंच काही कळलं. ते कसं, ते आपण समजून घेऊ.

घशात खरंच काय असतं?

आपला हात गळ्यावर ठेवा आणि आवंढा गिळा. घशाची घाटी वर जाऊन खाली येते ना? त्या घाटीच्या थोडं खाली, आतल्या बाजूला अन्ननलिकेचं तोंड असतं. या तोंडाभोवती स्नायूचं एक कडं असतं. बटव्याचं तोंड नाडीने आवळलेलं असतं, तसं हे कडं एरवी बंदच असतं. त्यामुळे श्वास घेताना हवा पोटात शिरत नाही आणि पोटातलं वर घशात येत नाही. आपण घास गिळतो तेव्हा ही नाडी क्षणभर सैल होते, घास खाली उतरतो आणि ती पुन्हा आवळली जाते.

आता हे कडं गरजेपेक्षा जास्त आवळलं गेलं तर? हाताची मूठ फार वेळ घट्ट धरली की ती जड वाटायला लागते, तसंच हे. घशात वस्तू काहीच नसते, पण आवळलेला स्नायूच गोळ्यासारखा जाणवतो. हा गोळा खोटा नाही आणि मनाचा खेळही नाही. जाणवतं ते खरं आहे, फक्त तिथे गाठ नाही.

जेवताना बरं का वाटतं, तेही यातच आलं. भाकरीचा घास खाली आला की कड्याला पूर्ण उघडावं लागतं. एकामागून एक घास जातात, नाडी पुन्हा पुन्हा सैल होते आणि घशाचं लक्ष घासावर असतं. घास अडवणारी गाठ असती तर उलटं झालं असतं. थुंकी आणि पाणी गेलं असतं, पण भाकरी अडली असती.

कोरडा आवंढा गिळताना मात्र खाली जायला फारसं काहीच नसतं. एक-दोनदा चालतं, पण सारखं गिळलं की तोंड कोरडं पडतं, थोडी हवा आत जाते आणि कडं पुन्हा पुन्हा आवळलं जातं. गोळा आहे का म्हणून जितकं तपासाल तितका तो मोठा वाटतो. खाकरण्याचंही तसंच. जोरात खाकरलं की आतली नाजूक कातडी चोळली जाते, मग तिथे खवखवतं आणि परत खाकरावंसं वाटतं.

मग कडं आवळतं कशामुळे?

दोन कारणं जास्त करून दिसतात आणि ती बऱ्याचदा जोडीने येतात.

पहिलं पित्त. म्हणजे पोटातलं आम्ल वर येणं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकालाही, पोटाच्या तोंडाशी, असंच एक कडं आहे. ते ढिलं पडलं की पोटातलं आंबट वर चढतं. हे वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून वरचं कडं आपोआप आवळतं. दारात चोर दिसला की आपण कडी घट्ट लावतो, तसंच. कधी आम्ल घशापर्यंत पोचतं आणि सकाळी आवाज बसतो, तोंड आंबट होतं. पण हे लक्षात ठेवा, की छातीत जळजळ प्रत्येकीला होतेच असं नाही. आमच्या ताईंना जळजळ कधी जाणवलीच नव्हती. फक्त करपट ढेकर यायचे.

दुसरं कारण ताण. आपल्या भाषेतच आहे ना, ‘कंठ दाटून आला’! लेकीला सासरी पाठवताना, किंवा चारचौघांत रडू दाबताना घशात जे होतं, ते याच भागातले स्नायू आवळल्याने होतं. काळजी रोजचीच असली की स्नायू तसेच ताठ राहतात. मग आपल्याला कॅन्सरची भीती वाटते, भीतीने ते आणखी आवळतात आणि गोळा मोठा होतो.

पूर्वी डॉक्टरही या त्रासाला बायकांचा ‘हिस्टेरिया’ म्हणायचे. 1968 मध्ये माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ते नाव बदलावं असं सुचवलं, कारण असे बहुतेक रुग्ण त्या प्रकारचे नसतातच. म्हणून कुणी ‘नाटक करते’ किंवा ‘बाहेरचं आहे’ म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नका.

ताईंनी काय काय केलं?

डॉक्टरांनी मान चाचपून पाहिली. मग नाकातून बारीक नळीचा कॅमेरा घालून घसा पाहिला. त्याला काही मिनिटंच लागली, भूल द्यावी लागली नाही. गाठ नव्हती. स्वरयंत्राच्या मागची बाजू थोडी लाल होती. ताईंनी स्वतः ते पडद्यावर पाहिलं, आणि त्या म्हणतात, तिथेच निम्मा गोळा उतरला.

मग त्यांचा दिवस विचारला. सकाळी उपाशीपोटी मशेरी आणि दोन कप चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर दहा वाजता जेवण आणि साडेदहाला आडवं. परकराची नाडी पोटावर करकचून बांधलेली. पोट भरलेलं असताना आडवं झालं किंवा पोट आवळलं की आम्ल वर ढकललं जातं. मशेरीतल्या तंबाखूने खालचं कडं ढिलं पडतं. चहानेही काही जणींचं पित्त वाढतं.

ताईंनी रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, म्हणजे जेवण आणि झोप यात तीन तास मिळाले. घरच्यांना आधी पटेना, पण आता सगळेच लवकर जेवतात. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच केली. जमिनीवर झोपणारीने पाठीपासून डोक्यापर्यंत चढ होईल अशा गोधड्या घालाव्यात. नुसत्या दोन उशा मानेखाली घेतल्या तर मानच मुडपते, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल कमी वर येतं. नाडी सैल केली. सकाळी आधी काहीतरी खाऊन मग एक कप चहा. मशेरी सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

आवंढा गिळावासा वाटला की त्या घोटभर पाणी पितात. खाकरावंसं वाटलं तरीही पाणीच. दिवसातून चार-पाच वेळा तोंड मोठं उघडून जांभई द्यायची आणि ‘हाऽऽ’ करत श्वास हळू सोडायचा, खांदे खाली पाडायचे. जांभईने घसा आतून मोकळा होतो.

पित्ताची गोळी डॉक्टरांनी आठ आठवडे दिली. सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची. ही गोळी सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणून महिनोन्महिने खाऊ नका.

पहिले दोन आठवडे काही फरक पडला नाही, आणि ताई खचल्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की अर्धा दिवस गोळ्याची आठवणच आली नाही. पुढे कर्जाचा हप्ता थकला त्या आठवड्यात गोळा परत आला. पण या वेळी त्या घाबरल्या नाहीत. हा त्रास असाच जातो-येतो. तो असेपर्यंतही जीवाला धोका नसतो.

पण इथे थांबायचं नाही

ज्या गोष्टी या साध्या गोळ्यात होत नाहीत, त्या पाठ करा. घास खरोखर अडकतो, पाण्याचा घोट घेऊन उतरवावा लागतो. गिळताना दुखतं, किंवा दुखणं कानापर्यंत जातं. गोळा एकाच बाजूला वाटतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे. वजन उतरतंय. थुंकीत रक्त आहे. मानेला बाहेरून गाठ लागते. यातलं एकही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा.

आपल्या भागातल्या बायांसाठी आणखी दोन गोष्टी. मशेरी, तंबाखू खाणारीने जेवताना बरं वाटत असलं तरी घसा एकदा तपासूनच घ्यावा. आणि जिचं रक्त कमी आहे, तिची भाकरी अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. अंगात लोह फार कमी पडलं की काही बायांच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होतो आणि घास अडतो. तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळे उपचार लागतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. गोळा कधी जाणवला, जेवताना होता की नव्हता, रात्री किती वाजता जेवलात, किती वाजता आडव्या झालात. ताईंनी हे लिहिलं नव्हतं, म्हणून आठवून सांगताना त्यांची तारांबळ उडाली. तुमचं पान लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न येण्याआधीच उत्तर तुमच्या हातात असेल.