पाणी स्वस्त, हिरा महाग कां?

पाण्यावांचून प्राण जातो, हिऱ्यावांचून कोणाचेंच अडत नाहीं. तरी पाणी कवडीमोल आणि हिरा महाग! ॲडम स्मिथनें 1776 सालीं मांडलेल्या या कोड्याची उकल जेव्हन्स व मेंगर यांनीं 1871 सालीं स्वतंत्रपणें केली.

समजा, घरांत रोज पांच हंडे पाणी येतें. पहिला पिण्यास, दुसरा स्वयंपाकास, तिसरा स्नानास, चौथा धुण्यास आणि पांचवा अंगणांत सड्यास. आतां एक हंडा कलंडला, तर काय राहील? पिणें नव्हे, सडाच. मग सांडलेला हंडा कोणताहि असो. म्हणून त्या घरीं प्रत्येक हंड्याचें मोल सड्याएवढेंच. हीच सीमांत उपयोगिता. विहीर आटून एकच हंडा उरला, तर मात्र त्यासाठीं गृहिणी हातांतली पाटलीहि काढून देईल!

हिरे मुळांतच थोडे, आणि खाणींतून काढणें कष्टाचें. त्यामुळें ते सड्याच्या पायरीपर्यंत उतरतच नाहींत. आपण मनांत सगळ्या पाण्याची सगळ्या हिऱ्यांशीं तुलना करतों; बाजारांत मात्र आणखी एक हंडा आणि आणखी एक हिरा एवढाच सौदा असतो. अलीकडे प्रयोगशाळेंत हिरे विपुल होऊं लागले, आणि ते खाणींतल्या हिऱ्यांहून पुष्कळच स्वस्त मिळतात.